दोन वर्षांसाठी पाच वर्षांचा रोखा: रोल-डाउनचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. हातात १० लाख आहेत, मुलीच्या पुढच्या शिक्षणाला दोन वर्षांनी लागतील. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर सरकारी रोख्यांसाठी खातं उघडलंय. बेळगावातला एक ओळखीचा म्हणतो, दोन वर्षांचा सरकारी रोखा घेऊ नका, पाच वर्षांचा घ्या आणि दोन वर्षांनी विका; व्याजदर जागचे हलले नाहीत तरी भाव आपोआप वाढतो. दर न बदलता भाव वाढतो कसा? आणि खरंच वाढत असेल तर सगळेच असं का करत नाहीत?

उत्तर:

गुरुजी, तुमचे स्नेही खोटं बोलत नाहीत, पण हिशेबाचं एकच पान दाखवतायत. इथल्या एका सहकारी बँकेचे रोखे मी बरीच वर्षं सांभाळले. संचालकांच्या बैठकीत हाच मुद्दा दरवर्षी कुणीतरी नव्याने काढायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाव का वाढतो ते पाहू. बाजारात प्रत्येक मुदतीला वेगळा यील्ड असतो, म्हणजे आजच्या भावाला रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवला तर वर्षाला पडणारा परतावा. साधारणपणे मुदत लांब तेवढा यील्ड जास्त, आणि मुदतीप्रमाणे हे यील्ड ओळीने मांडले की चढता यील्ड कर्व्ह तयार होतो. हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी गोल आकडे घेतोय, ते आजच्या बाजारातले समजू नका. समजा १ वर्षाला ५.६० टक्के, २ वर्षांना ५.८०, ३ वर्षांना ६.००, ४ वर्षांना ६.२० आणि ५ वर्षांना ६.४०. तुम्ही ६.४० टक्के कूपनचा, म्हणजे वर्षाला तेवढं ठरलेलं व्याज देणारा, बरोबर पाच वर्षं बाकी असलेला रोखा १०० रुपयांना घेतला.

वर्ष सरलं. कर्व्ह तसाच्या तसा आहे. पण तुमच्या हातातला रोखा आता पाच वर्षांचा राहिलेला नाही, तो चार वर्षांचा झाला. चार वर्षांच्या कागदाला बाजार ६.२० टक्के मागतो आणि तुमचा रोखा ६.४० देतोय. मग त्याला १०० पेक्षा जास्त भाव मिळणारच. किती जास्त? यील्डमधला फरक ०.२० टक्का, आणि चार वर्षांच्या अशा रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे यील्ड एक टक्का हलला तर भाव किती टक्के हलतो तो आकडा, सुमारे ३.५. दोन्हींचा गुणाकार ०.७०. सहामाही कूपन धरून पूर्ण गणित केलं तरी भाव १००.७० येतो. म्हणजे वर्षभरात कूपनचे ६.४० आणि भाववाढीचे ०.७० मिळून ७.१० टक्के. हे वरचे ७० पैसे म्हणजे रोल-डाउन. दर कुणी बदलले नाहीत, रोखाच कर्व्हवर एक घर खाली सरकला.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ड्युरेशन वर्षअखेरीचं धरायचं, खरेदीच्या दिवसाचं नाही, कारण भाव त्या दिवशी ठरणार आहे. पाच वर्षांचं ड्युरेशन ४.२ च्या आसपास असतं. ते लावलं तर रोल-डाउन ८४ पैसे दिसतो. विक्रेत्याच्या कागदावर बहुधा हाच मोठा आकडा असतो.

आता तुमच्या दोन वर्षांकडे येऊ. दुसऱ्या वर्षअखेर रोखा तीन वर्षांचा होतो, तिथे यील्ड ६.००, आणि भाव १०१.०८. दोन वर्षांची कूपनं १२.८० आणि भाववाढ १.०८, एकूण १३.८८. तुमच्या १० लाखांवर साधारण १,३८,८०० रुपये. दोन वर्षांचा रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवला असता तर ११.६० टक्के, म्हणजे १,१६,००० रुपये. मधे मिळालेलं कूपन पुन्हा कुठे गुंतवलं ते दोन्हीकडे सोडून दिलंय. फरक २२,८०० रुपयांचा. स्नेह्यांनी दाखवलेलं पान ते हे.

पुढचं पान मात्र फारसं कुणी उलटत नाही. हाच रोखा विकला नाही आणि पाचही वर्षं ठेवला, कर्व्ह पाचही वर्षं तसाच राहिला, तर दरवर्षी किती मिळतं? पहिल्या वर्षी ७.१० टक्के. दुसऱ्या वर्षी ६.७४. तिसऱ्या वर्षी ६.३७, कारण भाव १०१.०८ वरून जेमतेम १०१.१२ होतो. चौथ्या वर्षी भाव उतरायला लागतो, १००.७७ वर येतो, आणि वर्षाची कमाई ५.९८ टक्के. शेवटच्या वर्षी ७७ पैसे आणखी जातात, कारण सरकार शेवटी १०० रुपयेच परत देणार. त्या वर्षाचा परतावा ५.५९ टक्के. पाचांची सरासरी काढा, ६.४० च्या जवळच येते.

म्हणजे रोल-डाउन हा यील्डच्या वर कुणी दिलेला बोनस नाही. रोख्याच्या पूर्ण आयुष्यातली कमाई ६.४० टक्केच आहे. त्यातला जास्तीचा वाटा पहिल्या दोन वर्षांत येतो आणि शेवटची वर्षं त्याची भरपाई करतात. रोल-डाउन खिशात पडतो तो मधेच विकणाऱ्याच्या. तुमच्याकडून १०१.०८ ला घेणारा पुढची तीन वर्षं ६.०० टक्क्यांवर समाधानी असतो, कारण त्या मुदतीचा बाजारभाव तोच आहे. आपल्याकडच्या बँका आपल्या रोख्यांचा मोठा भाग एचटीएम, म्हणजे मुदतीपर्यंत ठेवायच्या खात्यात टाकतात. तिथे भावातली ही वाढ नफ्यात येतच नाही. त्यामुळे ‘आमच्या एचटीएममध्ये एवढा रोल-डाउन आहे’ असं कुणी बैठकीत सांगितलं की मी विचारायचो, विकणार कधी?

इथे पतसंस्थेतल्या ठेवीशी एक तुलना उपयोगी पडते. पाच वर्षांची ठेव दोन वर्षांनी मोडली तर सहसा दोन वर्षांचा कमी दर मिळतो, वर दंड. रोखा मोडायचा नसतो, दुसऱ्याला विकायचा असतो, आणि तो कुठल्या भावाला जाईल हे त्या दिवशीचा बाजार ठरवतो. वर जसा फायदा होऊ शकतो तसाच खाली तोटाही. आता त्या तोट्याकडे वळू, कारण ‘सगळेच का करत नाहीत’ याचं उत्तर तिथे आहे.

खरं तर पुष्कळ जण करतात. म्युच्युअल फंड करतात, बँकांच्या ट्रेझरी करतात. पण हे सगळे जमून भाव अशा जागी आणून ठेवतात की फायदा एका अटीवरच मिळावा. ती अट आकड्यात काढता येते. पाच वर्षांचा रोखा दोन वर्षांनी विकून तुम्हाला निदान ११.६० मिळाले पाहिजेत, नाहीतर सरळ दोन वर्षांचा घेतलेला बरा. कूपनचे १२.८० तर येणारच. म्हणजे भावात १.२० रुपये गेले तरी बरोबरी. भाव ९८.८० म्हणजे तीन वर्षांच्या रोख्याचा यील्ड ६.८५. आज तीन वर्षांचा यील्ड ६.०० आहे. तेव्हा दोन वर्षांत तो ०.८५ टक्क्यापेक्षा कमी वाढला तर तुमच्या स्नेह्यांचं बरोबर, जास्त वाढला तर दोन वर्षांचा साधा रोखा जिंकला.

हा ६.८५ आकडा बाजाराची भाषा बोलणारे लोक फॉरवर्ड यील्ड म्हणतात. आजच्या कर्व्हच्या चढातच तो लिहिलेला असतो, कुणाला विचारायला नको. ‘दर बदलले नाहीत तर’ असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा तो कर्व्हमध्ये लिहिलेल्या या ६.८५ च्या विरुद्ध पैज लावत असतो. त्या चढाचा काही भाग दर वाढतील या अपेक्षेचा असतो आणि काही भाग लांब मुदतीची अनिश्चितता झेलण्याचा मोबदला. मोबदल्याचा भाग तुमचा. अपेक्षेचा भाग, ती अपेक्षा खरी ठरली तर, गेला. दोन्ही वेगळे करून दाखवणारा चष्मा कुणाकडे नाही.

हे कागदी गणित वाटत असेल तर २०२२ आठवा. करोनाच्या काळात रेपो दर ४ टक्क्यांवर होता, छोट्या मुदतीचे यील्ड तळाला आणि लांब मुदतीचे बरेच वर. कर्व्ह खूप चढा, रोल-डाउन कागदावर भरघोस. मग ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो ०.४० ने वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. तेव्हा रोल-डाउनच्या भरवशावर तीन ते पाच वर्षांचे रोखे धरून बसलेल्यांच्या वर्षाच्या हिशेबात रोल-डाउनची वाढ काही पैशांची होती आणि दर चढल्याने आलेली घट काही रुपयांची. त्यानंतर २०२३ मध्ये कर्व्ह जवळजवळ सपाट झाला. सपाट कर्व्हवर रोखा सरकला तरी खाली उतरत नाही, म्हणून रोल-डाउन शून्य. कर्व्ह उलटा असेल, म्हणजे छोट्या मुदतीला यील्ड जास्त, तर हेच गणित वजाबाकीचं होतं.

तुमच्या १० लाखांवर वाईट दिवस कसा दिसेल तेही पाहा. समजा दोन वर्षांत सगळा कर्व्ह दीड टक्का वर गेला. तीन वर्षांचा यील्ड ७.५० होईल, भाव ९७.०९. भावात २९,१०० रुपये गेले, कूपनचे १,२८,००० आले, हातात ९८,९००. दोन वर्षांच्या रोख्यात मिळाले असते त्यापेक्षा १७,१०० रुपये कमी. बुडालात असं नाही, पण ज्या दिवशी फी भरायची त्या दिवशी मुद्दल ९,७०,९०० असेल. ते चालेल का, हा प्रश्न तुमच्या घरचा आहे, कर्व्हचा नाही.

आता मुदत निवडण्याचं. पाच चांगले तर दहा त्याहून चांगले, असं वाटू शकतं, पण तसं नसतं. रोल-डाउन यील्डच्या उंचीवर नाही, त्या जागेच्या चढावर अवलंबून असतो. समजा आपल्याच कर्व्हवर ७ वर्षांना ६.६० आणि १० वर्षांना ६.७०. म्हणजे तिथे वर्षाला जेमतेम ०.०३ टक्का चढ. दहा वर्षांचा रोखा एक वर्ष धरला तर रोल-डाउन सुमारे २२ पैसे, एकूण ६.९२ टक्के. पाच वर्षांच्या रोख्याला त्याच वर्षात ७.१० होते. आणि जोखीम? एक वर्षाच्या ५.६० शी तुलना केली तर पाच वर्षांचा रोखा कर्व्ह ०.४३ टक्का वर गेला तरी तग धरतो, दहा वर्षांचा ०.२० मध्येच हरतो, कारण त्याचं ड्युरेशन जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे कर्व्ह बहुधा पहिल्या पाच वर्षांत चढतो आणि पुढे आडवा होतो. म्हणून मी आधी मुदतींचे यील्ड एका ओळीत लिहायचो, शेजारच्यांची वजाबाकी करायचो, आणि चढ जिथे संपतो त्याच्या किंचित आधीची जागा पाहायचो. सरकारी रोख्यांचे रोजचे यील्ड एफबीआयएल ही संस्था जाहीर करते, ते घ्या. फोनवर कुणी सांगितलेले आकडे नकोत.

इथे एक फसगत होते, विशेषतः आपल्या भागात. ‘आपल्या राज्याचा कागद’ म्हणून कर्नाटकाचा राज्य विकास कर्जरोखा लोक आवडीने घेतात. त्याला केंद्राच्या रोख्यापेक्षा यील्ड थोडा जास्त असतो, आणि घेण्यात चूक काही नाही. पण मग रोल-डाउन काढताना पाच वर्षांचा यील्ड राज्याच्या रोख्याचा घेतात आणि तीन वर्षांचा केंद्राच्या तक्त्यातून. समजा राज्याचा पाच वर्षांचा ६.७० आहे आणि केंद्राचा तीन वर्षांचा ६.००. वजाबाकी ०.७० आली की डोळे चमकतात. त्यातले ०.३० हे केंद्र आणि राज्य यांच्यातलं अंतर आहे, ते तुमचा रोखा तीन वर्षांचा झाल्यावरही तसंच राहील. खरा उतार ०.४०. केंद्राच्या रोख्यांतही हाच प्रकार लहान प्रमाणात होतो: ज्या कागदात रोज मोठी उलाढाल असते त्याचा यील्ड थोडा दाबलेला असतो, शेजारच्या अडगळीतल्या कागदाचा थोडा जास्त. एक कागद पहिल्या जातीचा आणि दुसरा दुसऱ्या जातीचा घेतला तर कर्व्ह सपाट असूनही चढ दिसतो. दोन्ही टोकं एकाच जातीच्या कागदाची आहेत का, एवढं तपासलं तरी बहुतेक फुगवलेले रोल-डाउन बसतात.

दुसरी गळती विक्रीच्या दिवशी होते. सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री ज्यावर होते त्या एनडीएस-ओएमवर मोठ्यांचा नेहमीचा व्यवहार ५ कोटींच्या पटीत चालतो. तुमच्या-माझ्यासारख्यांचे लाखांचे सौदे ऑड-लॉटमध्ये जातात, आणि तिथे घेणाऱ्याचा भाव बाजारभावाच्या खाली असतो. किती खाली, ते कागदावर आणि दिवसावर अवलंबून. समजा ४० पैसे गेले. दोन वर्षांच्या १०८ पैशांच्या रोल-डाउनमधून ६८ उरले, ठीक आहे. पण वर्षातच विकून नवा पाच वर्षांचा घेण्याची हौस केली तर ७० मधून ४० गेले, आणि नव्या खरेदीत आणखी काही. दरवर्षी ७.१० मिळवण्याची कल्पना मोठ्या संस्थेला परवडते, दहा लाखांच्या माणसाला नाही. घेण्याआधी त्याच कागदाचा विक्रीचा आणि खरेदीचा भाव शेजारी शेजारी पाहा. अंतर अर्ध्या रुपयाच्या पुढे असेल, किंवा एका बाजूला भावच लागलेला नसेल, तर तो कागद मुदतीपर्यंत ठेवण्यासाठी ठीक, या कामासाठी नाही.

भाव पाहताना साचलेलं व्याज वेगळं धरा. कूपन दर सहा महिन्यांनी येतं. मधल्या तारखेला विकलात तर तेवढ्या दिवसांचं व्याज घेणारा भावाच्या वर देतो, आणि तुम्ही घेताना तेच तुम्ही द्यायचं असतं. खात्यात जमा झालेल्या एकूण रकमेकडे पाहून ‘भाव वाढला’ असं समजणारे लोक मी पाहिलेत. कूपन तुमच्या उत्पन्नात धरलं जातं आणि विक्रीतला नफा भांडवली नफ्यात. विक्रीची तारीख ठरवण्याआधी तुमच्या करसल्लागाराला तेवढं विचारून घ्या.

आणि वर्षभराने कमाई पाहताना ती तीन भागांत तोडा: कूपन, रोल-डाउन आणि दर हलल्याचा परिणाम. उदाहरण घ्या: वर्षअखेर तुमच्या रोख्याचा भाव १०१.७६ दिसतोय. खूश होण्याआधी चार वर्षांचा यील्ड आज किती आहे ते पाहा. तो ५.९० असेल तर १.७६ मधले ०.७० रोल-डाउनचे, कारण कर्व्ह न हलता भाव १००.७० झालाच असता. उरलेले १.०६ चार वर्षांचा यील्ड ६.२० वरून ५.९० वर आला म्हणून. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून जूनपर्यंत ५.५० वर आला, तेव्हा अनेकांना आपली रोल-डाउनची युक्ती जमली असं वाटलं होतं; त्या नफ्यातला मोठा वाटा दर उतरल्याचा होता. हा वाटा पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल असं धरून कुणी तुम्हाला आकडा सांगत असेल तर त्याला हे तीन भाग वेगळे करून मागा.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. फीची जी रक्कम त्या तारखेला पूर्ण हवीच, समजा ६ लाख, ती दोन वर्षांच्या आसपास मुदत संपणाऱ्या केंद्र सरकारच्या रोख्यात, आणि मुदतीची तारीख फीच्या तारखेच्या आधीची पाहून. तिथे भाव काय चाललाय ते बघायचीही गरज नाही. उरलेले ४ लाख, आणि कर्व्हच्या त्या भागात वर्षाला निदान ०.१५ टक्का चढ दिसत असेल तरच, साडेचार-पाच वर्षांच्या चालत्या कागदात. दीड टक्का दर वाढले तरी या ४ लाखांच्या भावात सुमारे ११,६०० जातील आणि दोन वर्षांत कूपनचे ५१,२०० आलेले असतील. विक्री मात्र फीच्या आठवड्यावर ढकलू नका. दोन वर्षांनंतर या रोख्याचा रोल-डाउन तसाही जवळजवळ संपलेला असतो, त्यामुळे महिनाभर आधी बरा भाव दिसला तर विकून टाका.